तापात दिवसभराच्या मीटिंग्ज हलवताना: साचा एक, वेळा प्रत्येकाला वेगळ्या

प्रश्न: सकाळी उठलो तर अंगात ताप. आज दिवसभरात सहा क्लायंट मीटिंग्ज आहेत. प्रत्येकाशी बोलत बसायची ताकद नाही. एकच छोटा मेसेज पाठवून दिवस मोकळा करायचा आहे आणि नवीन वेळाही द्यायच्या आहेत. नेमकं काय लिहू आणि कसं पाठवू?

उत्तर:

मेसेज लिहायला दोन मिनिटं लागतात. त्याच्या आधीची पंधरा मिनिटं मात्र महत्त्वाची आहेत, आणि बहुतेक जण नेमकी तीच टाळतात. मी आठ वर्षं एका सल्लागार कंपनीत वरिष्ठांची डायरी सांभाळली, त्यानंतर स्वतःचं काम सुरू केलं. दोन्हीकडे हाच प्रसंग कितीदा तरी आला. गडबड झाली ती प्रत्येक वेळी वेळांच्या हिशोबात झाली, मेसेजच्या भाषेत क्वचितच.

आधी माझ्याच हातून झालेली चूक सांगते, कारण तुम्हीही आत्ता तेच करायच्या बेतात असाल. एकदा असाच ताप होता, पाच मीटिंग्ज होत्या. मी एक छान मेसेज लिहिला, त्यात पुढच्या दोन दिवसांतल्या तीन मोकळ्या वेळा टाकल्या आणि तोच मेसेज पाचही जणांना पाठवून झोपले. वीस मिनिटांत तिघांचं उत्तर आलं आणि तिघांनीही गुरुवारची सकाळी 11 चीच वेळ निवडली होती. साहजिकच आहे, सगळ्यांना सोयीची वेळ तीच असते. मग दोघांना पुन्हा लिहावं लागलं की ती वेळ गेली, आता दुसरी बघू या. त्यातल्या एकाने दरम्यान स्वतःची दुसरी बैठक हलवून ती जागा केली होती. आजारपणामुळे मीटिंग रद्द झाली म्हणून माझ्यावर कोणी कधी रागावलं नाही. मीच दिलेली वेळ मीच परत घेतली, याचा मात्र त्या माणसाला राग आला, आणि त्याचं बरोबर होतं.

तेव्हापासून माझा नियम ठरला: मेसेजचा साचा सगळ्यांना एकच, पण त्यातल्या दोन वेळा प्रत्येकाला वेगळ्या. एकाला दिलेली वेळ दुसऱ्या कोणाच्याही मेसेजमध्ये दिसता कामा नये. यावर लगेच मनात येतं की सहा जण गुणिले दोन वेळा म्हणजे बारा मोकळ्या वेळा कुठून आणायच्या? तेवढ्या लागत नाहीत. का, ते खऱ्या वेळापत्रकावरच दाखवते.

समजा आज मंगळवार, 12 तारीख आहे. दिवस असा आहे: सकाळी 9:30 ला जुन्या क्लायंटची दर आठवड्याची बैठक. 10:30 ला एका नव्या माणसाशी पहिलीच भेट, काम मिळेल की नाही हे अजून ठरायचंय. दुपारी 12 ला समोरच्या बाजूने तिघं बसणार आहेत असं सादरीकरण. 2:30 ला एक जण प्रत्यक्ष तुमच्या ऑफिसात येणार आहेत, तेही लांबून. 4 ला एका कराराच्या मसुद्यावर चर्चा, आणि तो मसुदा उद्या संध्याकाळपर्यंत पुढे जायलाच हवा. संध्याकाळी 5:30 ला परदेशातल्या क्लायंटशी व्हिडिओ कॉल.

कागद घ्या, नाहीतर फोनच्या नोट्समध्ये या सहा ओळी लिहा. प्रत्येकीसमोर एकच प्रश्न विचारा: ही मीटिंग खरंच हलवायची आहे का? ताप असताना आपण सरसकट सगळं पुढे ढकलतो, आणि पुढचा आठवडा या आठवड्याच्या ओझ्याने वाकतो.

9:30 ची साप्ताहिक बैठक हलवायची नाही, या आठवड्यापुरती सोडून द्यायची. पुढच्या मंगळवारी ती आपोआप आहेच. तिला नवी वेळ देणं म्हणजे एका आठवड्यात दोनदा तेच बोलणं. त्या क्लायंटला एवढंच कळवा की आजची होणार नाही, पुढची नेहमीच्या वेळी, आणि मध्ये काही अडलं तर लिहून पाठवा.

4 ची मसुद्याची मीटिंग याच्या अगदी उलट. तिला पर्याय देताच येत नाहीत, कारण तिची मुदत उद्याची आहे. इथे छोटा मेसेज चालणार नाही. फोन करावा लागेल, तोही फक्त दोन मिनिटांचा. बोलायच्या गोष्टी दोनच. एक तर तुमच्या जागी बसू शकेल असा सहकारी असेल तर त्याचं नाव सांगून क्लायंटची परवानगी घ्या. परस्पर कोणाला पुढे करू नका, कारण काही क्लायंटना आपले कागद तिसऱ्या माणसाने पाहिलेले चालत नाहीत. सहकारी नसेल तर मुदत एक-दोन दिवस पुढे सरकू शकते का, ते विचारा. मुदत कोणी ठरवली आहे हे अनेकदा आपल्यालाही पक्कं माहीत नसतं. ती क्लायंटने स्वतःच ठरवलेली असेल तर बहुतेक वेळा हलते. बाहेरून आलेली असेल तर हलत नाही, आणि मग सहकाऱ्याशिवाय इलाज नाही.

म्हणजे नव्या वेळा हव्या आहेत त्या चौघांनाच. चौघांना दोन-दोन म्हणजे आठ. आता त्या कुठे बसवायच्या ते पाहू.

बुधवारची वेळ कोणालाही देऊ नका. आज ताप आहे, उद्या उतरेल असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तरी नको. एकदा रद्द केलेली मीटिंग दुसऱ्यांदा रद्द केली की पहिल्या वेळची सगळी सहानुभूती संपते. मग लोक मनातल्या मनात हिशोब करायला लागतात की हा माणूस कितपत भरवशाचा आहे. म्हणून पर्याय गुरुवारपासून पुढचे. गुरुवारीही जास्तीत जास्त दोनच मीटिंग्ज येतील अशी मांडणी करा, कारण आजारातून उठल्यावर पहिल्या दिवशी सलग चार तास बोलणं जमत नाही. आवाज बसतो, डोकं जड असतं, आणि समोरच्याला ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

वेळ निवडताना एक सोपी युक्ती आहे: तास शक्यतो तोच ठेवा, दिवस बदला. ज्याने 2:30 ला भेटायचं कबूल केलं होतं, त्याच्या दिवसात 2:30 ची वेळ बसते हे तुम्हाला आधीच माहीत आहे. आणि आज सगळ्यांचे तास वेगवेगळे असल्यामुळे तोच तास दुसऱ्या दिवशी नेला की दोघांच्या वेळा एकमेकांवर येण्याचा प्रश्नच उरत नाही. अर्थात पुढच्या दिवसांत तुमची आधीची कामं असतातच, तिथे थोडं इकडेतिकडे करावं लागतं.

आपल्या उदाहरणात मी अशी वाटणी करेन. 10:30 च्या नव्या माणसाला गुरुवार 14 सकाळी 11 किंवा शुक्रवार 15 सकाळी 10:30. नव्या माणसाला सर्वांत जवळची वेळ द्यायची, कारण त्याची अजून तुमच्याशी काही बांधिलकी नाही आणि तो थांबेलच असं नाही. दुपारी 12 च्या तिघांना शुक्रवारी 12 किंवा सोमवार 18 ला 12. तिघांच्या वेळा जुळवायला त्यांना अवधी लागतो, गुरुवार देऊन उपयोग नाही. 2:30 ला प्रत्यक्ष येणाऱ्यांना शुक्रवारी 2:30 किंवा सोमवारी 2:30, म्हणजे प्रवासाची आखणी नव्याने करता येईल. परदेशातल्या क्लायंटला गुरुवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी 5:30. आता मोजून पाहा: सगळ्यांनी पहिलाच पर्याय घेतला तर गुरुवारी दोन आणि शुक्रवारी दोन. उलटंसुलटं झालं तरी गुरुवारी दोनच्या वर जाणार नाही. शुक्रवारी अगदी वाईटात वाईट चार होतील, पण तोवर तुम्ही सावरलेले असाल.

या आठही वेळा मेसेज पाठवायच्या आधी कॅलेंडरमध्ये अडवून ठेवा. नाव काहीही द्या, मी ‘राखीव’ आणि पुढे क्लायंटची आद्याक्षरं लिहिते. हे केलं नाही तर दुपारी तुम्ही झोपलेले असताना एखादा सहकारी त्यातलीच वेळ रिकामी बघून तिथे दुसरं काही टाकतो. लोकांना तुमची वेळ परस्पर घेता येईल अशी बुकिंगची लिंक तुम्ही दिलेली असेल, तर ती कॅलेंडर पाहूनच मोकळ्या वेळा दाखवते, म्हणून अडवणं दुप्पट गरजेचं. आजचा आणि उद्याचा दिवसही त्याच वेळी पूर्ण बंद करा. नाहीतर तुम्ही सहा मीटिंग्ज काढताय आणि सातवी आपोआप येऊन बसतेय असं होतं.

आता मेसेज. मी तुमच्या जागी असते तर नव्या क्लायंटला हा पाठवला असता:

> आजची (मंगळवार 12) सकाळी 10:30 ची आपली मीटिंग मला रद्द करावी लागते आहे, ताप आला आहे. क्षमस्व.
> तुमच्यासाठी दोन वेळा राखून ठेवल्या आहेत:
> 1) गुरुवार 14, सकाळी 11:00
> 2) शुक्रवार 15, सकाळी 10:30
> उत्तरात फक्त 1 किंवा 2 लिहा. दोन्ही जमत नसतील तर 3 लिहा, मी गुरुवारी फोन करतो. या वेळा उद्या संध्याकाळी 5 पर्यंत तुमच्यासाठी धरून ठेवल्या आहेत.

एवढाच. यातला प्रत्येक भाग का आहे ते सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्या शब्दांत बदलता येईल.

सुरुवात ‘नमस्कार, कसे आहात, आशा आहे सर्व ठीक असेल’ अशी करू नका. एरवी ती चांगली सवय आहे, पण आज नाही. फोनच्या बंद स्क्रीनवर मेसेजचे पहिले काही शब्दच दिसतात. ज्याची मीटिंग आहे तो गाडी चालवत असेल, दुसऱ्या बैठकीत असेल, नुसती नजर टाकेल. त्या नजरेत ‘आजची 10:30 ची मीटिंग रद्द’ एवढं पोचलं पाहिजे. ईमेल पाठवत असाल तर विषयाच्या ओळीतही हेच लिहा: ‘आजची 10:30 ची मीटिंग रद्द, नवीन वेळा आत’. जुन्याच ईमेलला उत्तर म्हणून पाठवलं की विषयाची ओळ जुनीच राहते आणि लोक ते संध्याकाळी उघडतात.

वार, तारीख आणि तास तिन्ही लिहा. ‘परवा’, ‘येत्या शुक्रवारी’ हे शब्द बोलताना ठीक आहेत. मेसेज दुसऱ्या दिवशी वाचला की परवा बदललेला असतो.

‘रद्द करावी लागते आहे’ हे ठाम वाक्य आहे आणि ते तसंच हवं. ‘शक्य असेल तर पुढे ढकलू या का?’ असं लिहिलंत की तुम्ही परवानगी मागताय. मग समोरून उत्तर येतं, ‘काळजी घ्या, पण दहाच मिनिटं बोललो तरी चालेल.’ आता तुम्ही नाही म्हणालात तर वाईट दिसतं, हो म्हणालात तर तापात पाऊण तास फोनवर. समोरच्याचा यात दोष नाही, प्रश्न आपण विचारलेला असतो.

आजाराचं वर्णन दोन शब्दांत संपवा. ‘ताप आला आहे’ किंवा ‘तब्येत बरी नाही’ पुरे. किती ताप, कालपासून काय काय झालं, कोणत्या तपासण्या सांगितल्या, हे लिहिलं की समोरच्याला त्यावर काहीतरी बोलावंच लागतं आणि वेळेचा मुद्दा मागे पडतो. खोटं कारण मात्र कधीही देऊ नका. ‘अचानक तातडीचं काम आलं’ असं लिहिलं तर क्लायंटला वाटतं, त्याच्यापेक्षा महत्त्वाचं काहीतरी आलं. आजारपण कोणाला अपमानास्पद वाटत नाही.

क्षमा एकदाच मागा. तीनदा मागितली की समोरचा तुमची समजूत काढत बसतो.

आता दोनच वेळा का? ‘तुम्हाला कधी जमेल?’ असं विचारलं तर वेळ शोधायचं काम तुम्ही त्यांच्यावर टाकता, आणि वर पाच-सहा मेसेजची ये-जा सुरू होते: बुधवारी, नाही बुधवारी नको, मग शुक्रवारी, सकाळी की दुपारी. सहा क्लायंट आणि प्रत्येकाचे असे पाच-सहा, म्हणजे तुमचा आजारपणाचा दिवस यातच जातो. एकच वेळ दिली तर ते फर्मान वाटतं. चार दिल्या तर तुमच्या चार जागा अडून राहतात आणि वाचणारा ‘नंतर बघतो’ म्हणून बाजूला ठेवतो. दोन वेळांत त्याला निवड मिळते आणि अंगठ्याने एक आकडा टाइप केला की काम होतं. तिसरा आकडा हा सुटकेचा मार्ग आहे. तो नसेल तर ज्यांना दोन्ही जमत नाहीत ते गप्प बसतात, आणि गप्प बसलेला क्लायंट सर्वांत अवघड.

‘उद्या संध्याकाळी 5 पर्यंत’ ही मुदत काहींना उद्धट वाटते. मला ती प्रामाणिक वाटते. तुम्ही वेळ धरून ठेवताय, ती कायम धरता येणार नाही, हे सांगितलेलं बरं. शिवाय मुदत आजची न देता उद्याची दिली की आज उत्तरांसाठी फोनकडे बघत बसावं लागत नाही. मुदत टळली आणि उत्तर नसेल, तर ती राखीव वेळ कॅलेंडरमधून काढून टाका आणि गुरुवारी फोन करा.

इतरांसाठी याच साच्यात थोडे बदल करायचे. परदेशातल्या क्लायंटला वेळ लिहिताना त्यांच्या घड्याळाची आधी आणि तुमची नंतर लिहा: ‘गुरुवार 14, तुमच्याकडे दुपारी 12:00, माझ्याकडे संध्याकाळी 5:30’. नुसतं 5:30 लिहिलं तर ते कोणाचं, हे विचारायला आणखी एक मेसेज येतो. तिघांच्या मीटिंगसाठी मेसेज तिघांनाही जायला हवा, पण उत्तर एकाकडूनच मागा: ‘तिघांच्या वतीने एकाने कळवलं तरी चालेल’. नाहीतर एक 1 म्हणतो, दुसरा 2, आणि मध्ये तुम्ही. मीटिंग क्लायंटनेच बोलावलेली असेल तर ‘रद्द करतो’ लिहू नका, ती तुमची नाही. ‘मी येऊ शकत नाही’ लिहा, बाकी सगळं तेच.

पाठवण्याची पद्धत. सगळ्यांचा गट करून पाठवू नका, आणि एकाच ईमेलमध्ये सगळ्यांचे पत्ते तर मुळीच टाकू नका. क्लायंट एकमेकांना दिसले, हा आजारपणापेक्षा मोठा प्रश्न होतो. कोण तुमच्याकडे काम देतं हे त्यांचं खासगी असतं, आणि त्यात दोघं एकाच धंद्यातले स्पर्धकही निघू शकतात. ईमेलला Bcc ने पत्ते लपवता येतात, पण आपल्या पद्धतीत प्रत्येकाच्या वेळा वेगळ्या आहेत, म्हणून स्वतंत्र मेसेजच पाठवायचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर तर या कामासाठी अजिबात विसंबू नका. ज्यांनी तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही. नवा क्लायंट नेमका त्यातला असतो. साचा एकदा लिहून कॉपी करा, प्रत्येक वेळी वेळा आणि तारखा बदला, आणि पाठवण्याआधी फक्त आकडे पुन्हा वाचा. तापात चूक शब्दांत होत नाही, आकड्यांत होते: एकाचे पर्याय दुसऱ्याच्या मेसेजमध्ये तसेच राहतात.

क्रम ठरवताना पहिली मीटिंग कोणाची हे बघू नका, घरातून आधी कोण निघणार हे बघा. आपल्या उदाहरणात 2:30 चे क्लायंट लांबून येणार आहेत, ते 11 लाच निघतील. त्यांना 9:30 वाल्यांच्याही आधी कळवा. मेसेज वाचल्याची खूण अर्ध्या तासात दिसली नाही तर फोन करा. अख्ख्या दिवसात फोन करायचे ते असे दोन-तीनच: प्रवासाला निघणारा, मुदतवाला, आणि ज्याची मीटिंग दोन तासांच्या आत आहे तो. 9:30 ची मीटिंग असेल आणि तुम्ही साडेसात-पावणेआठला उठला असाल, तर तोही याच यादीत येतो. फोन उचलला गेला नाही तर मेसेज आहेच. आवाज बसला असेल तर घरातल्या कोणाकडून हा फोन करवून घ्यायला हरकत नाही, फक्त त्यांनी नवीन वेळा तोंडी ठरवू नयेत, ‘मेसेज पाठवला आहे’ एवढंच सांगावं.

हे झालं की लोकांना वाटतं काम संपलं, आणि इथेच एक गोष्ट हमखास राहते: कॅलेंडरमधली जुनी नोंद. तुम्ही मेसेज पाठवला, क्लायंटने 1 लिहिलं, सगळं छान. पण आजच्या 10:30 ची इन्व्हाइट तशीच आहे. मीटिंगच्या आधी त्याच्या फोनवर आठवण वाजते, तो गोंधळतो, कधी व्हिडिओच्या लिंकवर जाऊन रिकाम्या खोलीत दहा मिनिटं बसतो. मग त्याचा मेसेज येतो, ‘मी जॉइन झालोय, तुम्ही?’ म्हणून मेसेज पाठवल्याबरोबर ती नोंद काढा. तुम्ही आयोजक असाल तर नुसतं ‘येणार नाही’ असं उत्तर देऊन चालत नाही, त्याने समोरच्याच्या कॅलेंडरमधली मीटिंग जात नाही. ती डिलीट करायची आणि पाहुण्यांना रद्द झाल्याची सूचना पाठवायची.

9:30 च्या साप्ताहिक बैठकीला इथे विशेष जपा. दर आठवड्याची नोंद काढताना गूगल कॅलेंडर विचारतं: `This event`, `This and following events` की `All events`. पहिलाच पर्याय हवा. तापाच्या गुंगीत दुसरा किंवा तिसरा दाबला गेला तर जुन्या, चांगल्या क्लायंटला सूचना जाते की तुमच्या यापुढच्या सगळ्या बैठका रद्द. मी हे एकदा होताना पाहिलं आहे. त्या क्लायंटने अख्खी दुपार असं समजून काढली की आमच्या कंपनीने त्यांचं काम सोडलं.

उत्तर आलं की लांबलचक आभार मानू नका. नवीन वेळेची इन्व्हाइट पाठवा, तेच तुमचं उत्तर. मग त्या क्लायंटची दुसरी राखीव वेळ लगेच मोकळी करा. ‘3’ आलं तर त्या दिवशी काही करू नका, दोन्ही जागा मोकळ्या करा आणि गुरुवारी फोन करा. ‘पुढच्या मंगळवारी दुपारी 12 ला चालेल का?’ असा तिसराच प्रस्ताव आला आणि ती वेळ खरंच रिकामी असेल तर एका शब्दात होकार द्या. रिकामी नसेल तर नवी शोधत बसू नका, ‘गुरुवारी कळवतो’ लिहा. आज तुम्हाला दिवसातून दोनदाच फोन बघायचा आहे, समजा दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा. बाकीचा वेळ फोन दुसऱ्या खोलीत असू दे.

निर्णय कधी घ्यायचा, हेही यातच येतं. ‘नऊपर्यंत बघू, कदाचित बरं वाटेल’ असं म्हणत बसलात तर 9:30 च्या माणसाला पंधरा मिनिटं आधी कळतं आणि लांबून येणारा तयारीला लागलेला असतो. ‘सकाळच्या तेवढ्या रद्द करतो, दुपारच्या बघू’ हाही मोह होतो. मग दुपारी तोच सगळा खटाटोप पुन्हा, अधिक थकलेल्या अंगाने. रात्रीच अंग तापलं असेल आणि झोप येत नसेल तर यादी रात्रीच करून मेसेज सकाळी 7 ला जातील असे वेळ लावून ठेवा, आणि सकाळी थोडं बरं वाटलं तरी मागे घेऊ नका. एकदा ठरवलं की दिवस पूर्ण काढायचा.

आणि बुधवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास पुन्हा थर्मामीटर लावा. ताप नसेल तर गुरुवारच्या दोघांना काही लिहायची गरज नाही, इन्व्हाइट गेलेली आहे. ताप असेल तर सकाळची वाट न बघता त्याच संध्याकाळी त्या दोघांना फोन करा, मेसेज नाही. दुसऱ्यांदा हलवताना आवाज ऐकू आला पाहिजे. आणि या वेळी दोन पर्याय देऊ नका. पुढच्या आठवड्यातली एकच वेळ द्या, जी तुम्ही नक्की पाळू शकाल, आणि ती त्यांना चालते का हे तिथेच फोनवर विचारून लिहून घ्या.